होल्डिंग्जमध्ये नफा, प्रत्यक्षात ३९,२०० रुपयांचा तोटा

सोलापुरातील नव्या पेठेत बसणाऱ्या एका उपदलालामार्फत एका ब्रोकरकडे माझे डीमॅट खाते होते. त्याच्या सांगण्यावरून मी एका कंपनीचे ४०० शेअर ३१० रुपयांनी, म्हणजे १,२४,००० रुपयांना घेतले. भाव पडला, तेव्हा त्याने मला न विचारता ते सगळे २०५ रुपयांनी विकले आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच शेअर २०७ रुपयांनी परत घेतले. दोन्ही व्यवहारांचे ब्रोकरेज कापले गेले, त्यातला वाटा त्याला मिळाला, आणि विक्रीत बसलेला ४२,००० रुपयांचा तोटा होल्डिंग्जच्या पडद्यावरून नाहीसा झाला.

कारण त्या पडद्यावरचा एकूण नफा फक्त हातात असलेल्या शेअरचा असतो. विकून झालेला तोटा तिथे येत नाही. तो नफा-तोटा अहवालात शोधावा लागतो. शेवटचा भाव २१४ असताना माझ्यासमोर सरासरी खरेदी भाव २०७ आणि एकूण नफा २,८०० रुपये असे हिरव्या अक्षरांत दिसत होते. ४२,००० मधून ते २,८०० वजा केले, तरी ३९,२०० रुपयांचा तोटा होताच. आदल्या दिवशीचा बंद भाव २११ होता, म्हणून दिवसाचा नफा १,२०० रुपये, तोच आकडा दाखवून हा माणूस म्हणाला, "काका, आज बाराशे सुटले बघा."

माझ्या वहीत ३१० लिहिलेले होते, म्हणून मी त्याला सरासरी कमी कशी झाली असे विचारलेही होते. "बोनस शेअर आले की सरासरी उतरते," असे उत्तर मिळाले. बोनसने सरासरी उतरते हे खरेच आहे, पण तेव्हा शेअरची संख्या वाढते, आणि माझे शेअर ४०० चे ४००च होते! हे तेव्हाच खटकायला हवे होते, याची चीड अजून जात नाही. पण माझा बी.कॉम. झालेला मुलगाही तोच पडदा पाहून खूश झाला होता, मग मला एकट्याला बावळट ठरवण्यात अर्थ नाही. संख्या तीच राहून सरासरी उतरली, तर आपले शेअर जिथे जमा असतात त्या डिपॉझिटरीचे व्यवहार विवरण काढा. माझ्या विवरणात ४०० वजा आणि लगेच ४०० जमा अशा दोन नोंदी सापडल्या.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे, सेबीकडे जा" एवढे सांगून मला बाहेर काढले. अर्ज घेतला नाही, पोच तर दूरच. ब्रोकरने कळवले की कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहारांच्या पावत्या, नोंदवलेल्या ई-मेलवर पाठवल्या होत्या आणि आपण हरकत घेतली नाही, म्हणजे आपली संमती होती. तो ई-मेल त्या उपदलालाचा आहे! फॉर्म त्यानेच भरला, आणि शेअर खात्यातून काढण्याचा अधिकार ब्रोकरला देणाऱ्या डीडीपीआय या कागदावर सही घेतल्यामुळे विक्रीला माझा ओटीपीही लागला नाही. आपल्या खात्यावर कोणाचा ई-मेल आहे, हे आजच पाहा. ब्रोकरकडे लेखी तक्रार आधी करा, मगच सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जा.

माझ्या खात्यावर तो ई-मेल कोणत्या कागदाच्या आधारे चढवला, त्याची प्रत मी मागितली आहे. ब्रोकर ती देत नाही.