थर्मासमधला चहा: दूध घालून की कोरा?

सकाळी सहाला भरलेला दुधाचा चहा दुपारी ओतताना वाफाळतोय आणि जीभ भाजतेय, तर खुशाल प्या. साठ अंशांच्या वर जंतू वाढत नाहीत. चव मात्र उकळल्यासारखी लागणारच. खरी भीती कोमट चहाची. उकळूनही काही जंतूंचे बीजाणू तगतात आणि दुधात कोमटपणा मिळाला की वाढतात. दोनेक तास कोमट राहिलेला चहा, कॉफी ओतून द्या. पुन्हा उकळून भागत नाही, काही विषं उकळीलाही दाद देत नाहीत. वासही दरवेळी येत नाही.

कोरा चहा नेऊन दुधाची पावडर ऐनवेळी घालणं मला जास्त पटतं. झाकणाच्या रबरात दुधाची साय अडकत नाही, हा वरचा फायदा.