बिल वाचणारं ॲप, काही महिने वापरल्यावर: ४ मार्चचं ३ एप्रिल होतं तेव्हा

फोटो काढा, आकडे आपोआप शीटमध्ये. हे ॲप काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फीचर्सची जंत्री देत नाही. मी इंटिरियर डिझायनर, एकटीच काम करते. जीएसटी नंबर आहे आणि दर महिन्याला रिटर्न भरते. उन्हाळ्यात वर्षाचे पैसे एकरकमी भरून ॲप घेतलं आणि दिवाळीपर्यंत खूश होते.

खूश असायला कारण होतं. जीएसटी नंबर वाचण्यात याचा हात धरणारं दुसरं मला सापडलं नाही. त्या १५ अक्षरांत शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने ठरतं, त्यामुळे झेडचं दोन किंवा बीचं आठ वाचलं गेलं की हिशेब जुळत नाही आणि ॲप तो रकाना लाल करतं. चुरगळलेल्या, अर्धवट उडालेल्या बिलांवरही हे चालतं.

मग नोव्हेंबर लागला. शीट तारखेनुसार लावली तर सगळ्यात खाली प्लॉटर प्रिंटच्या दुकानाचं एक बिल, त्यावर `Dec 8, 2025`. डिसेंबर उजाडायचाच होता! मूळ फोटो उघडला: १२/०८/२०२५. म्हणजे १२ ऑगस्ट. ॲपने महिना आधी, दिवस नंतर, असं अमेरिकन पद्धतीने वाचलं होतं.

हे इतके महिने कसं दिसलं नाही, तर १३ तारखेपासून पुढची बिलं बरोबरच येतात. तेरावा महिना नसतो, त्यामुळे ॲपला दिवस ओळखावाच लागतो. गडबड फक्त १ ते १२ तारखेच्या बिलांत. त्यातही ५ मे किंवा ६ जून असेल तर उलटंसुलटं सारखंच. चार बिलं चाळून बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटणार.

एवढ्याशा तारखेवरून इतकं का तापायचं, असं घरी विचारून झालंय. तर ऐका. ऑफिसचा लॅपटॉप ४ मार्च २०२५ ला घेतला. किंमत ५०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,०००. ॲपने बिलावरची ०४/०३/२०२५ ही तारीख ३ एप्रिल करून टाकली. मार्चचं बिल २०२४-२५ चं, एप्रिलचं २०२५-२६ चं. खरेदीवर दिलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो, तेच क्रेडिट. २०२४-२५ च्या बिलांवरचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत घेतलं नाही तर हातचं गेलं. शीटवर विसंबून हे बिल ‘पुढच्या वर्षी बघू’च्या ढिगात राहिलं असतं आणि नऊ हजारांवर पाणी सोडावं लागलं असतं. ॲपच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा ही रक्कम मोठी आहे.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: फोनचा प्रदेश भारत ठेवा. तो भारतच होता. दोन-तीन मेलांच्या लढाईनंतर कळलं की खातं उघडताना त्यात आपोआप अमेरिका निवडलेलं असतं आणि ते सेटिंग फोनवर नाही, वेबवर लॉगिन केल्यावर दिसतं. बदललं. पण बदल फक्त नव्या बिलांना लागू. जुनी परत वाचून घ्यायची आणि प्रत्येक पान महिन्याच्या कोट्यातून वजा! त्यांची चूक, आणि पानं माझी.

कोटा मर्यादित, फोटो ढीगभर, म्हणून सीए सरांना मेसेज टाकला. बऱ्याच जणांचं असंच असेल म्हणून इथे देते:

“सर नमस्कार. बिलांचे फोटो तीन ठिकाणी आहेत: फोनची गॅलरी, मीच मला व्हॉट्सॲप केलेले, आणि ॲपमध्ये. व्हॉट्सॲपवरचे थोडे पुसट झालेत. ॲपमधल्या १ ते १२ तारखेच्या बिलांच्या तारखांवर भरवसा ठेवता येत नाही. सगळ्यात मिळून ही बिलं आहेत: माझ्या जीएसटी नंबरची (लॅपटॉप, प्लॉटर, सॅम्पल), नंबर न घातलेली किरकोळ, पेट्रोल आणि जेवणाची, आणि साइटवर काढलेली प्लायवूड-लॅमिनेटची, जी क्लायंटच्या नावावर आहेत. परत वाचून घ्यायला पानं कमी आहेत. आधी कुठली काढू?”

मला वाटलं होतं, मोठ्या रकमेपासून खाली या, असं सांगतील. सरांचा फोन आला. “अहो, फोटोंपासून सुरुवातच करू नका. पोर्टलवर टू-बी उघडा.”

टू-बी म्हणजे विक्रेत्यांनी आपल्या नंबरावर दाखवलेल्या बिलांची यादी. जे बिल तिथे आलंय त्याचा नंबर, तारीख, कर सगळं पोर्टलवर आहेच. ते ॲपने परत वाचून काय मिळणार? फोटो शोधून त्या नावाने ठेवायचा, बस. मात्र मार्चच्या टू-बीत नाही म्हणजे बिल आलंच नाही असं नसतं. दुकानदाराने उशिरा भरलं तर ते मे-जूनच्या टू-बीत उगवतं. म्हणून एप्रिल २०२४ पासून आतापर्यंतच्या सगळ्या टू-बी एका शीटमध्ये घ्यायच्या आणि विक्रेत्याचा जीएसटी नंबर व बिल नंबर या दोन रकान्यांवर जुळवायचं. तारखेवर जुळवायचंच नाही. ॲपची खोड इथे आपोआप निकालात निघते.

क्लायंटच्या नावावरची बिलं आपली नाहीत, बाजूला. पेट्रोल जीएसटीत येत नाही, जेवणाच्या करावर क्रेडिट मिळत नाही. इन्कम टॅक्स मी ४४एडीएखाली भरते, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम नफा धरतात, त्यामुळे तिथेही ही बिलं एकेक करून नोंदवायची गरज नाही. निम्मा ढीग असाच गळला.

मग आधी काय? माझा नंबर छापलेली, २०२४-२५ ची, पण कुठल्याच टू-बीत न आलेली. कारण तिथे विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. त्याने ११ नोव्हेंबरपर्यंत ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये बिल टाकलं तर १४ तारखेच्या टू-बीत येतं आणि २० तारखेच्या थ्री-बीत, म्हणजे माझ्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, मला क्रेडिट घेता येतं. अशी बिलं मोजकीच निघाली, लॅपटॉपचं त्यात. दुकानदाराने ते किरकोळ ग्राहकाची विक्री म्हणून दाखवलं होतं. फोटो, बिल नंबर आणि खरी तारीख पाठवली. आधी “मॅडम, वर्ष झालं की” वगैरे झालं, पण त्याच्या अकाउंटंटने दुरुस्ती केली आणि १४ तारखेला नोंद आली. सॅम्पलवाल्या एकाने फोनच उचलला नाही, ते गेलं.

वाचून घ्यायची पानं इतकी थोडी लागली की कोटा उरला. म्हणून एक तारा देणार होते ते तीन देतेय. जीएसटी नंबर वाचणं खरंच उत्तम आहे, आणि जुळवणीला तेच लागतं. पण वर्षाची वर्गणी पुन्हा भरणार नाही, महिन्याची घेईन, तीही जुळवणीच्या महिन्यापुरती. तुम्ही घेणार असाल तर पहिलं बिल टाकायच्या आधी वेबवर जाऊन खात्याचा प्रदेश बदला आणि १२ तारखेच्या आतलं एखादं बिल वाचून बघा.