आर्किटेक्टची वेबसाइट: आधी गॅलरी की आधी केस स्टडी?

सोलापुरात आर्किटेक्ट शोधणारा माणूस बहुधा आयुष्यात एकदाच घर बांधणार असतो, आणि वेबसाइट मोबाइलवरच बघतो. दोन्ही पर्याय त्याच्या नजरेतून पाहू.

गॅलरीची साइट म्हणजे उघडताच फोटोच फोटो. पंधरा-वीस चांगले फोटो हाताशी असले की ती लवकर उभी राहते. काम मुख्यतः इंटिरिअरचं असेल, तर हीच घ्या. तिथं लोक रंग, लाकूड, उजेड बघूनच ठरवतात.

घराचं तसं नाही. समजा, जुळे सोलापुरात ३० बाय ५० फुटांचा पश्चिममुखी प्लॉट आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून आर्किटेक्टनं जिना आणि बाथरूम पश्चिमेला टाकली, बेडरूम पूर्वेला नेल्या आणि पश्चिमेच्या भिंतीपुढं जाळी उभी केली. गॅलरीत यातली फक्त जाळी दिसते. मग फोन येतो, "तशी जाळी करून द्या, स्क्वेअर फुटाचा रेट काय?" खरं डोकं जिथं चाललं, ते दिसलंच नाही.

केस स्टडीत प्लॉटचं माप आणि दिशा, घरच्यांची गरज, नकाशा, दुपारचं ऊन कुठं अडतं ते दाखवणारा सेक्शन आणि मग फोटो येतात. ते वाचलेला माणूस "आमचाही प्लॉट पश्चिममुखी आहे" असं बोलणं सुरू करतो. साइट काम करते की नाही, हे या पहिल्या वाक्यावरूनच कळतं. अर्थात मेहनत जास्त. ऑटोकॅडचा नकाशा तसाच चढवला, तर मोबाइलवर मुंग्या दिसतात. फक्त भिंती आणि खोल्यांची नावं ठेवून तो पुन्हा काढावा लागतो. मालकाची परवानगी घ्या आणि पत्ता टाकू नका.

वजनाचा त्रास गॅलरीला जास्त. कॅमेऱ्यातला फोटो ८-१० एमबीचा असतो. १६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी केला की बहुतेक वेळा ३०० केबीच्या आत बसतो. खालच्या फोटोंना `loading="lazy"` लावा, सगळ्यात वरच्याला नको, नाहीतर तोच उशिरा दिसतो. तपासणी ऑफिसच्या वायफायवर न करता मोबाइल डेटावर करा.

माझं मत स्पष्ट आहे: घरं बांधणाऱ्यानं तीन-चार केस स्टडी नीट लिहाव्यात, बाकीची कामं छोट्या गॅलरीत ठेवावीत. चौकशीची सोय मात्र 'संपर्क' पानावर कोंडू नका, प्रत्येक केस स्टडीच्या शेवटी द्या. लांबलचक फॉर्मपेक्षा व्हॉट्सॲपचं बटण बरं, पण प्रकल्पाचं नाव आधीच भरलेलं हवं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=जुळे%20सोलापूरचं%20घर%20पाहिलं.%20आमचा%20प्लॉट:
```

शेवटच्या अपूर्णविरामापुढं लोक आपसूक माप आणि ठिकाण लिहितात, आणि पहिल्या फोनआधीच आर्किटेक्टला प्लॉट समजलेला असतो.