प्रमाणपत्रावर ‘एमबीए’ होतं, पदवी नव्हती

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी अकरा वर्षं मेंटेनन्सला आहे. बॉयलर, चिलर, वार्षिक शटडाऊन, सगळं हातून गेलंय. पण असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली की नाव दुसऱ्याचंच. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये डोक्यात दोनच गोष्टी होत्या : एमबीए करायचं की प्रोजेक्ट मॅनेजरचं पीएमपी हे प्रमाणपत्र.

दोन-तीन साइटवर चौकशीचा फॉर्म भरला आणि तासाभरात फोन आला. स्वतःला ‘करिअर काउन्सेलर’ म्हणवणारी बाई अगदी गोड बोलायची. “सर, पीएमपी म्हणजे नुसती परीक्षा. मॅनेजर व्हायला डिग्री लागते. आमचं एक्झिक्युटिव्ह एमबीए बारा महिन्यांत होतं, नोकरी सोडायची गरज नाही.” फी १,३५,०००. आज नाव नोंदवलं तर ‘नो कॉस्ट ईएमआय’, महिना ११,२५०. डिचोलीहून रोज वेर्ण्याला जाऊन-येऊन दोन वर्षांचं रीतसर एमबीए जमणार नाही, हे तिला मीच सांगून बसलो होतो. माझी अडचण तिने मलाच विकली.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून मी आधार ओटीपी दिला, बँकेचा ई-मँडेट मंजूर केला. हप्ते संस्थेला जाणार असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेने माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम संस्थेला चुकती केली होती. कर्जाचा तपशील सांगणारं पान, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, ईमेलला आलं होतं. ठरावीक मुदतीत कर्जातून बाहेर पडता येतं, हे त्यातच लिहिलेलं असतं. मी ते उघडलं सात महिन्यांनी.

अभ्यास म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी, तीही घरबसल्या. एवढ्यात एमबीए होतं कसं, ही शंका आली होती, खोटं कशाला बोलू. पण हप्ते चालू असताना शंका गिळायची सवय लागते.

संस्थेने सात महिन्यांतच ‘फास्ट ट्रॅक’ करून प्रमाणपत्र पाठवलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर मोठ्या अक्षरांत एमबीए. आतली जागा निघाली तसा मी तो कागद अर्जाला जोडला. तीन आठवड्यांनी एचआरच्या मॅडमनी बोलावलं आणि कागद माझ्याकडे फिरवून एका ओळीवर पेन ठेवलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘मास्टर प्रोग्राम इन बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. मास्टर ‘ऑफ’ नाही, मास्टर ‘प्रोग्राम इन’. खाली आयएसओचा क्रमांक आणि सोसायटी नोंदणीचा क्रमांक. विद्यापीठाचं नाव कुठेच नाही.

“पदवी फक्त विद्यापीठ देऊ शकतं, किंवा कायद्याने तो अधिकार दिलेली संस्था,” मॅडम म्हणाल्या. आयएसओ काय, सोसायटी नोंदणी काय, त्याने पदवी देण्याचा अधिकार येत नाही. मग त्यांनी deb.ugc.ac.in उघडून दाखवलं. ऑनलाइन पदवीला परवानगी असलेली विद्यापीठं आणि त्यांचे अभ्यासक्रम तिथे बघता येतात. शिवाय ऑनलाइन एमबीए दोन वर्षांपेक्षा कमी नसतं, आणि प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतः यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो. मला तो कोणी मागितलाच नव्हता. बनवेगिरी उघडी पडायला तेवढं एक पुरेसं होतं.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं की फी ‘कंटेंट अ‍ॅक्सेस’ची होती आणि तो तुम्हाला मिळाला. वित्तसंस्था म्हणाली, कर्जाचा करार वेगळा, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. तेही खरंच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, काउन्सेलरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘डिग्री’ शब्दाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. फोनवर ती जे बोलली त्याचा मात्र पुरावा नाही. हप्ता भरतोच आहे.

या सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? निघता निघता मॅडमना विचारलं, या जागेला एमबीए लागतंच का? त्या म्हणाल्या, “नाही हो. जाहिरातीत ‘एमबीए किंवा प्रोजेक्टचा अनुभव’ आहे. तुम्ही शटडाऊनबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीत.”

पीएमपीच्या अर्जाला, चार वर्षांची पदवी असेल तर, प्रोजेक्ट सांभाळल्याचा छत्तीस महिन्यांचा अनुभव आणि पस्तीस तासांचं प्रशिक्षण लागतं. परीक्षेची फी ते देणाऱ्या संस्थेला, म्हणजे पीएमआयला थेट भरायची असते. काही अर्ज ते तपासणीला काढतात आणि लिहिलेल्या अनुभवाला वरिष्ठांचा दुजोरा मागतात. त्यामुळे ‘अनुभव आम्ही लिहून देतो’ म्हणणारा क्लासवाला भेटला, तेव्हा या खेपेस मी फोन ठेवला. सध्या जुन्या डायऱ्या काढून प्रत्येक शटडाऊनच्या तारखा, माणसं आणि बजेट एका वहीत उतरवतोय. २०१९ ची डायरी तेवढी सापडत नाहीये.