सूचना: टक्केवारी गेली, श्रेणीगुण आले – पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कोणत्या पेपरसाठी भरावा?

प्रथम वर्ष वाणिज्यचे निकाल लागल्यापासून परीक्षा विभागाच्या खिडकीवर एकच प्रश्न येतो आहे: "सर, माझे टक्के किती?" गुणपत्रिकेवर आता टक्के नाहीत, एसजीपीए म्हणजे सत्रातल्या श्रेणीगुणांची सरासरी आहे. जुन्या हिशेबाने अर्ज भरला तर पैसे चुकीच्या पेपरवर खर्च होतील, म्हणून दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडत आहोत.

जुन्या पद्धतीत प्रत्येक पेपर शंभराचा आणि सगळ्यांचे वजन सारखे. नव्या पद्धतीत आधी गुणांचे श्रेणीगुण होतात: 90 आणि पुढे 10, 80 पासून 9, 70 पासून 8, 60 पासून 7, 55 पासून 6, 50 पासून 5, 40 पासून 4, त्याखाली शून्य. मग श्रेणीगुणाला पेपरच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. दहा गुणांची मोजपट्टी यूजीसीने सुचवलेली आहे, पण कोणत्या गुणांना कोणती श्रेणी हे विद्यापीठ ठरवते. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राचा तक्ता इथे लावू नका.

उदाहरण म्हणून ही एक गुणपत्रिका पाहा.

| पेपर | क्रेडिट | गुण | श्रेणीगुण | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| लेखाकर्म | 4 | 59 | 6 | 24 |
| अर्थशास्त्र | 4 | 69 | 7 | 28 |
| व्यवस्थापन | 4 | 72 | 8 | 32 |
| व्यावसायिक गणित | 4 | 54 | 5 | 20 |
| पर्यावरण | 2 | 83 | 9 | 18 |
| संवादकौशल्य | 2 | 91 | 10 | 20 |

जुना हिशेब: 600 पैकी 428, म्हणजे 71.33 टक्के. नवा हिशेब: 142 भागिले 20, म्हणजे एसजीपीए 7.10.

आता फरक बघा. संवादकौशल्यात 91 चे 100 झाले असते तर जुन्या पद्धतीत दीड टक्का वाढला असता. नव्यात काहीच वाढत नाही, कारण दहाच्या वर श्रेणीगुण नाही. उलट लेखाकर्मात एकच गुण वाढून 59 चे 60 झाले, तर जुन्यात टक्केवारी जेमतेम 0.17 ने सरकते, पण नव्यात 24 चे 28 होतात आणि एसजीपीए 7.30 होतो. काठावरचा एक गुण आता फार मोलाचा आहे.

या गुणपत्रिकेत काठावरचे पेपर तीन: लेखाकर्म 59, अर्थशास्त्र 69, गणित 54. तिघांचीही क्रेडिट चार, म्हणून फायदाही सारखाच. एकच अर्ज परवडत असेल तर आम्ही अर्थशास्त्र सुचवू. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात. अर्थशास्त्र 69 वरून 60 पर्यंत घसरले तरी श्रेणीगुण सातच राहतो. लेखाकर्म 55 च्या आणि गणित 50 च्या खाली गेले तर मात्र श्रेणी जाते, म्हणजे तिथे सांभाळायला फक्त चार गुण आहेत. व्यवस्थापनाच्या वाटेला जाऊच नका: वरची श्रेणी आठ गुण दूर, आणि तीन गुण गेले की आठाचे सात. पर्यावरणात नव्वद गाठायला सात गुण हवेत, आणि ते मिळाले तरी दोन क्रेडिटमुळे एसजीपीए 7.20 च होईल.

अर्ज भरण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्या. आतल्या पानावरचे गुण पहिल्या पानावर चढवायचे राहिलेत का, एखादे पुरवणीचे पान तपासायचे राहिले का, बेरीज बरोबर आहे का, एवढे स्वतः मोजा. गुण कमी झाल्यास कोणता निकाल ग्राह्य धरतात, हा नियमही अर्जावर वाचून मगच सही करा. छायाप्रत फक्त लेखी परीक्षेची मिळते. अंतर्गत गुण त्यात नसतात. 69 मध्ये अंतर्गत किती आणि लेखी किती, हे आधी पाहून घ्या.

राहिला प्रश्न शिष्यवृत्तीच्या आणि नोकरीच्या अर्जातल्या 'टक्के' या रकान्याचा. सीबीएसईच्या दहावीसाठी वापरलेला 9.5 चा गुणक लावला तर 7.10 चे 67.45 होतात. एआयसीटीईच्या तक्त्यात 6.25 म्हणजे 55 आणि 6.75 म्हणजे 60 टक्के. त्या चालीने 7.10 म्हणजे 63.5. सरळ दहाने गुणले तर 71. एकाच मुलीचे तीन वेगळे टक्के! म्हणून स्वतःच्या मनाने आकडा टाकू नका. आपल्या विद्यापीठाने रूपांतराचे सूत्र दिले असेल तर तेच वापरा आणि त्याची प्रत जोडा. नाहीतर '10 पैकी 7.10' असे लिहा आणि परीक्षा विभागाकडून तसे पत्र घ्या. पत्रासाठी मूळ गुणपत्रिका आणि ओळखपत्र दोन्ही आणावे.