स्टेप्ड बारचं लांबणं: तुकडे पाडायचे की भार सुटे करायचे?

जाडी टप्प्याटप्प्यानं बदलणारा एक बार, एक टोक भिंतीत पक्कं, आणि मधल्या पायऱ्यांवर व मोकळ्या टोकावर वेगवेगळ्या दिशांनी ओढणारे-ढकलणारे भार. मोकळं टोक किती सरकेल? याचं उत्तर काढायच्या दोन वाटा आहेत. एक, बारचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यातलं अंतर्गत बल काढा आणि तुकड्यांचं लांबणं बेरजेला घ्या. दुसरी, भार एकेक करून सुटे लावा, प्रत्येकानं टोक किती हलतं ते काढा आणि मग ते परिणाम एकावर एक रचा. उत्तर एकच येतं, त्यामुळे ‘कोणतीही वापरा’ असं सांगून बरेच जण मोकळे होतात. पण कष्ट, चुका आणि मर्यादा दोन्हीकडे सारख्या नाहीत.

एकच उदाहरण दोन्ही वाटांनी सोडवून बघू. पोलादी बार, यंग मापांक २०० किलोन्यूटन प्रति चौरस मिमी. अ हे टोक डावीकडे भिंतीत, मग ब आणि क या पायऱ्या, आणि ड हे मोकळं टोक. भार असे: ब वर ७० किलोन्यूटन उजवीकडे, क वर ५० डावीकडे, ड वर २० उजवीकडे.

कोणत्याही वाटेनं जायचं असलं तरी मी आधी एक गोष्ट करतो. प्रत्येक तुकडा १ किलोन्यूटनला किती लांबतो, म्हणजे L/AE, लांबी L ला काटछेद A आणि यंग मापांक E यांच्या गुणाकारानं भागून, ते मायक्रॉनमध्ये काढून ठेवतो. पुढचे आकडे आटोपशीर राहतात आणि मिमी-मीटरच्या गोंधळात दशांश चिन्ह घसरत नाही.

| तुकडा | लांबी (मिमी) | काटछेद (चौ. मिमी) | १ किलोन्यूटनला लांबणं (मायक्रॉन) |
|---|---|---|---|
| अब | ६०० | ८०० | ३.७५ |
| बक | ४०० | ५०० | ४ |
| कड | ५०० | २५० | १० |

आता पहिली वाट. मोकळ्या टोकाकडून आत यायचं. कड मध्ये कुठेही काप घ्या, उजवीकडे फक्त २० चा भार उरतो, म्हणून तिथे २० किलोन्यूटन ताण. बक मध्ये काप घेतला तर उजवीकडे २० उजवीकडे आणि ५० डावीकडे, म्हणजे ३० किलोन्यूटन दाब. अब मध्ये त्यात ७० उजवीकडे मिळवा, ४० किलोन्यूटन ताण. प्रत्येक बलाला आपापल्या आकड्यानं गुणलं की अब १५० मायक्रॉन लांबतो, बक १२० आखडतो, कड २०० लांबतो. ड टोक २३० मायक्रॉन, म्हणजे ०.२३ मिमी उजवीकडे सरकतं.

दुसरी वाट. ड वरचा २० चा भार एकटा असेल तर तो भिंतीपर्यंतच्या तिन्ही तुकड्यांतून जातो, म्हणून २० गुणिले १७.७५, म्हणजे ३५५ मायक्रॉन. क वरचा ५० चा भार फक्त बक आणि अब मधून जातो. क च्या उजवीकडचा तुकडा नुसता सोबत सरकतो, त्याच्यात बलच नसतं. म्हणून ५० गुणिले ७.७५, म्हणजे ३८७.५ मायक्रॉन डावीकडे. ब वरचा ७० चा भार फक्त अब मधून, २६२.५ मायक्रॉन उजवीकडे. बेरीज ३५५ वजा ३८७.५ अधिक २६२.५, पुन्हा २३०.

पहिल्या वाटेत जे तीन आकडे बेरजेला आले, ते बारमध्ये खरोखर घडतात. अब खरंच १५० मायक्रॉन लांबलेला असतो. दुसऱ्या वाटेतले ३५५, ३८७.५ आणि २६२.५ कुठेच घडत नाहीत. ते ‘बाकीचे भार नसते तर’ या कल्पनेतले आकडे आहेत. बाकीचे बरेच फरक याच एका गोष्टीतून निघतात.

पहिल्या वाटेत मधल्या पायऱ्यांची हालचाल आयतीच मिळते: ब १५० मायक्रॉन उजवीकडे, क फक्त ३०, ड २३०. प्रतिबलही तिथेच हाती असतं. अब मध्ये ५०, बक मध्ये दाबाचं ६० आणि कड मध्ये ८० न्यूटन प्रति चौरस मिमी. म्हणजे सगळ्यात कमी बलाच्या तुकड्यात सगळ्यात जास्त प्रतिबल आहे, हे लगेच दिसतं. दुसऱ्या वाटेनं फक्त ड चं सरकणं मिळालं. क चं हवं असेल तर तिन्ही भार पुन्हा मांडावे लागतील, आणि प्रतिबलासाठी शेवटी तुकड्यांकडेच यावं लागेल.

शिवाय कल्पनेतले आकडे मोठे असतात आणि एकमेकांना खोडतात. क चा ७.७५ हा आकडा कुणी आळसानं ८ धरला, तर त्या आकड्यात चूक तीन टक्क्यांची. पण उत्तर २३० ऐवजी २१७.५ येतं, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त घसरतं. भार जितके एकमेकांविरुद्ध, तितकं हे वाढतं. म्हणून दुसऱ्या वाटेनं जाताना मधले आकडे पूर्णांकात आणू नका.

मग पहिलीच वाट का नको? कारण तिची स्वतःची एक चूक आहे, आणि तपासलेल्या वह्यांमध्ये मला ती सगळ्यात जास्त दिसते. पायरीवर लिहिलेला भार हाच त्या तुकड्यातला भार समजायचा: अब ला ७०, बक ला ५० दाब, कड ला २०. उत्तर येतं २६२.५ अधिक २०० वजा २००, म्हणजे २६२.५ मायक्रॉन. बघा, आकडा अजिबात वेडावाकडा वाटत नाही. १४ टक्के जास्त आहे इतकंच, म्हणून ती चूक डोळ्यात खुपत नाही. पकडायचा उपाय एकच: भिंतीची प्रतिक्रिया वेगळी काढा. सगळ्या भारांची बेरीज ७० वजा ५० अधिक २०, म्हणजे ४०. भिंतीला लागून असलेल्या तुकड्यात तेवढंच बल हवं. तिथे ७० लिहिलेलं असेल तर गडबड आहे. बलाचा आलेख काढलात तर प्रत्येक पायरीवरची उडी तिथल्या भाराएवढी असते: क वर २० वरून उणे ३०, उडी ५०, ब वर उणे ३० वरून ४०, उडी ७०.

दुसरी वाट खऱ्या अर्थानं भाव खाते ती एखादा भार ठरलेला नसतो तेव्हा. समजा विचारलं, क वर किती भार लावला तर ड टोक जागचं हलणारच नाही? तिथे फक्त क चा हिस्सा अज्ञात आहे. बाकी दोन भारांनी मिळून टोक ६१७.५ मायक्रॉन उजवीकडे जातं, त्याला ७.७५ नं भागा, सुमारे ७९.७ किलोन्यूटन. तुकड्यांच्या वाटेनंही हे जमतं, पण अज्ञात भार बक आणि अब दोन्हीकडे घेऊन फिरावा लागतो. भार वारंवार बदलणार असतील तर १७.७५, ७.७५ आणि ३.७५ हे तीन आकडे एकदा लिहून ठेवणं पुरेसं. नवा भार आला की तीन गुणाकार आणि एक बेरीज.

ड टोकही भिंतीत पक्कं केलं तर? आता दोन्ही भिंतींच्या प्रतिक्रिया अज्ञात, आणि समतोलाचं समीकरण एकच. इथे दुसरी वाट सरळ जाते. ड वरचा २० चा भार आता थेट भिंतीतच जातो, म्हणून तो सोडा. ड ची भिंत काढून टाकल्याची कल्पना करा. ब आणि क चे भार टोकाला २६२.५ वजा ३८७.५, म्हणजे १२५ मायक्रॉन डावीकडे नेतात. भिंतीला ते टोक जागेवर धरायचंय, म्हणून ती १२५ भागिले १७.७५, साधारण ७.०४ किलोन्यूटननं उजवीकडे ओढते. मग तुकड्यांची बलं: कड ७.०४ ताण, बक ४२.९६ दाब, अब २७.०४ ताण. पडताळा मात्र पहिल्या वाटेनं घ्या: १०१.४ वजा १७१.८ अधिक ७०.४, बेरीज शून्य. अनिश्चित बारसाठी मी हे असंच करतो, सोडवायला एक वाट आणि तपासायला दुसरी.

दुसऱ्या वाटेला खरा धोका असतो तो फट असताना. ड च्या पुढे २०० मायक्रॉनची फट सोडून पक्की भिंत आहे असं धरा. मूळ भारांनी टोक २३० सरकू पाहतं, म्हणजे ते भिंतीला टेकणार. आता ज्याला भार एकेक करून लावायची सवय आहे, तो म्हणेल: २० चा भार एकटाच ३५५ सरकवतो, म्हणजे आधीच टेकलं, तर तिथे २०० धरू. मग उरलेले भार रचले की उत्तराला काही अर्थच उरत नाही. टेकण्याआधी आणि टेकल्यावर बार हा एकच बार नसतो, म्हणून परिणाम रचता येत नाहीत. बरोबर रीत अशी: आधी भिंत नाहीच असं समजून सगळे भार एकत्र लावा, २३०. फटीपेक्षा जास्तीचे ३० मायक्रॉन भिंतीनं मागे दाबायचेत, ३० भागिले १७.७५, सुमारे १.७ किलोन्यूटन. आणि सरकणं २०० पेक्षा कमी निघालं असतं तर भिंतीचा विचारच करायचा नव्हता.

तसाच धोका पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागलं की असतो. सौम्य पोलादासाठी ती मर्यादा साधारण २५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात. ड वरचा भार २० ऐवजी ६५ केला तर कड मध्ये प्रतिबल २६० होतं. बक मध्ये आता १५ ताण आणि अब मध्ये ८५ ताण, दोन्ही अजून सुरक्षित. एक टोक मोकळं असल्यामुळे ही बलं फक्त समतोलातून आली आहेत, धातू कसाही वागो, ती बरोबरच आहेत. पहिल्या वाटेत फक्त कड साठी सूत्र सोडून धातूच्या प्रतिबल-विकृती आलेखाकडे जावं लागतं. दुसऱ्या वाटेत मात्र ६५ गुणिले १७.७५ हा हिस्साच खोटा ठरतो, आणि तो बेरजेत मिसळून जातो.

एक गोष्ट दोन्ही वाटांना सारखीच लागू आहे. पायरीच्या अगदी जवळ प्रतिबल काटछेदभर सारखं नसतं; साधारण बारच्या रुंदीइतक्या अंतरानंतर ते सारखं होतं. लांब तुकड्यांत याचा लांबण्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. पण पायरीच्या कोपऱ्यातलं कमाल प्रतिबल वर काढलेल्या ८० पेक्षा बरंच जास्त असू शकतं, म्हणून तिथे गोलाई ठेवतात. आणि तुकडे लांबीपेक्षा जाड असतील तर L/AE वर विसंबू नका.

तेव्हा एक टोक मोकळं, भार ठरलेले आणि प्रतिबलही हवं, तर तुकडे पाडा. एखादा भार किंवा प्रतिक्रिया अज्ञात असेल, किंवा भार सतत बदलणार असतील, तर भार सुटे करा. फट किंवा कायमचं ताणणं दिसलं की सगळे भार एकत्र लावूनच पुढे जा.