लेदर, टेनिस की टेप : रविवारच्या खेळासाठी चेंडूची निवड

परभणीत दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर आम्ही चौदा-पंधरा जण क्रिकेट खेळतो. सर्वांत लहान खेळाडू दहावीत आहे, तर सर्वांत मोठा पन्नाशी ओलांडलेला. मैदानाच्या मधोमध सिमेंटची खेळपट्टी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुरूम मिसळलेली काळी माती. यंदा दिवाळीनंतर काही तरुणांनी लेदरचा आग्रह धरला, काहींना नेहमीचा टेनिसचा चेंडू हवा होता, आणि एकाने चिकटपट्टी गुंडाळलेल्या टेप बॉलचा पर्याय मांडला. निर्णय घेण्यापूर्वी तिन्ही चेंडू शेजारी ठेवून पाहिले, त्याचा हा आढावा आहे.

पहिला फरक वजनाचा आहे. प्रौढ पुरुषांच्या सामन्यांतील लेदर चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तर प्रमाणित टेनिस चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. (स्पर्धांमधला ‘हार्ड टेनिस’ याहून बराच जड असतो, तो या तुलनेत धरलेला नाही.) टेपमुळे चेंडू खूप जड होतो हा समज मात्र आमच्याकडे वजनकाट्यावर खोटा ठरला, कारण वायरमन वापरतात त्या पातळ इन्सुलेशन टेपचा एक थर, कडा एकमेकींवर चढवून गुंडाळला तरी, जेमतेम चार-पाच ग्रॅमची भर घालतो. टेपने खरोखर बदलतो तो चेंडूचा पृष्ठभाग, आणि पुढचे सगळे फरक त्यातून निघतात.

टेनिस चेंडूवरची लव हवा धरून ठेवते. चेंडू हलका असल्यामुळे त्या अडथळ्याचा परिणामही मोठा होतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने सोडलेला टेनिस चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेतो ढोबळ हिशेबाने पाव भागाइतका वेग गमावतो, तर लेदर चेंडू त्याच अंतरात साधारण दहावा भाग. टेपने लव झाकली की चेंडू गुळगुळीत होऊन हवा कापत जातो, टप्प्यावर जमीनही कमी धरतो आणि घसरत अंगावर येतो. साध्या टेनिस चेंडूची सवय असलेल्या फलंदाजाची बॅट म्हणूनच टेप बॉलवर हमखास उशिरा येते, आणि पायचीत व त्रिफळा यांचे प्रमाण वाढते.

उसळीच्या बाबतीत टेनिस चेंडू सर्वांत खेळकर असतो. नियमानुसार २५४ सेंटीमीटरवरून कठीण पृष्ठभागावर सोडल्यावर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर वर आला पाहिजे, म्हणजे सोडलेल्या उंचीच्या निम्म्याहून अधिक. तशाच जमिनीवर लेदर चेंडू सुमारे एक तृतीयांशच उसळतो. टेप बॉल या दोहोंच्या मध्ये येतो, कारण आवरण ताणून बसवल्याने रबराचे दबणे आणि परत फुलणे थोडे मंदावते. सिमेंटवर टेनिस चेंडूने आखूड टप्पा टाकला की तो डोक्यावरून निघून जातो; त्यात धोका कमी, पण गोलंदाजाचे कौशल्य वाया जाते. टेप बॉलची उसळी कंबर ते छाती यांच्या दरम्यान राहते, त्यामुळे टप्पा पकडून टाकण्याला अर्थ येतो.

लेदर चेंडूची अडचण सरासरी उसळीत नसून असमान उसळीत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मुरमाचे खडे वर येतात, आणि एकाच टप्प्यावरून एक चेंडू घोट्याशी तर दुसरा हनुवटीशी येतो. याची परीक्षा सोपी आहे. फलंदाजाच्या समोरच्या चांगल्या टप्प्याच्या पट्ट्यात हातभर अंतरावर आठ-दहा ठिकाणी खुणा कराव्यात, छातीच्या उंचीवरून लेदर चेंडू प्रत्येक खुणेवर हलकेच सोडावा आणि दुसऱ्याने शेजारी धरलेल्या पट्टीवर उसळी वाचावी. आमच्या सिमेंटवर हे आकडे एकमेकांच्या तीन-चार बोटांत राहिले, पण खेळपट्टीबाहेरच्या मातीवर एक चेंडू गुडघ्यापर्यंत आला आणि शेजारचा जवळजवळ जागेवरच बसला. अशा मातीवर लेदर खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिमेंटवर उसळी एकसारखी असली तरी ती जलद आणि उंच असते, त्यामुळे तिथे हेल्मेट अनिवार्य समजावे.

स्विंगचा विषय अधिक गमतीचा आहे. लेदर चेंडूची उभी शिवण किंचित तिरकी ठेवली की एका बाजूची हवा चेंडूला अधिक वेळ चिकटून राहते आणि चेंडू शिवणीच्या दिशेला वळतो. त्यासाठी एक बाजू तुकतुकीत राखावी लागते. मुरमाड मैदानावर ती चकाकी काही षटकांतच जाते, त्यामुळे हौशी सामन्यात लेदरचा स्विंग बहुधा सुरुवातीपुरताच मिळतो. साधा टेनिस चेंडू दोन्ही बाजूंनी सारखाच असल्याने फारसा वळत नाही. तो वाऱ्याने भरकटतो, आणि त्याला आपण उगाच स्विंग म्हणतो. टेप बॉलमध्ये मात्र असमानता हाताने घडवता येते: एकाच अर्ध्या भागावर टेप लावून दुसरीकडे लव उघडी ठेवतात, किंवा पूर्ण चेंडू गुंडाळून वर एक अरुंद पट्टी शिवणीसारखी चढवतात. कराचीच्या गल्ल्यांत वाढलेला हा प्रकार पाकिस्तानात वेगवान गोलंदाजांची तालीम ठरला, तो याच गुणामुळे.

टेपचा दोष तिच्या गोंदात आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गोंद मऊ होतो, कडा सरकतात आणि त्यांवर धूळ बसते. सुटलेली कड हवेत फडफडते. तो आवाज ऐकू आला की चेंडू कुठेही जाईल असे समजून तो लगेच बदलावा. टेप आदल्या रात्री न लावता खेळाच्या आधी सावलीत लावावी, आणि फार ताणू नये, कारण ताणलेली टेप आकसून सुटते.

सुरक्षेचा हिशेब सारख्या वेगावर सरळ आहे: लेदर चेंडूत टेनिस चेंडूच्या पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि तो दबत नाही. त्यामुळे बोटे मोडणे, बरगडीला मार, डोक्याची इजा या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत; पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट यांचा खर्च चेंडूच्या किमतीतच धरावा. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज हेल्मेट घालूनही मानेवर चेंडू लागून दगावला.

टेनिस चेंडू निर्धोक आहे असे मात्र म्हणवत नाही. तो आघाताने चपटा होऊन डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतो. आमच्यातल्या एका शिक्षकमित्राला जवळच्या क्षेत्ररक्षणात असा फटका बसला. बुबुळापुढे रक्त साठले आणि त्यांना काही आठवडे खेळ सोडावा लागला. टेप बॉल थोडा जड आणि बराच वेगवान असल्याने हा धोका वाढतो. डोळ्यावर मार लागून अंधुक दिसले तर डोळा चोळू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. हलक्या चेंडूचा आणखी एक त्रास सीमारेषेवरून फेकताना होतो: हाताला वजन जाणवत नाही म्हणून माणूस पूर्ण जोराने झटका देतो आणि चाळिशीनंतर खांदा दुखावतो.

आमच्या गटाने अखेर दोन भाग केले. रविवारच्या सामन्याला पूर्ण गुंडाळलेला टेप बॉल ठेवला, आणि यष्ट्यांपासून दहा पावलांच्या आत, यष्टिरक्षक सोडून, कोणी उभे राहायचे नाही असे ठरवले. लेदरची हौस असलेले पाच जण शनिवारी संध्याकाळी पूर्ण साहित्यासह सिमेंटवर सराव करतात. दहावीतला मुलगाही त्यात येतो, पण गोलंदाजीपुरताच. स्वतःचे हेल्मेट येईपर्यंत त्याने बॅट धरायची नाही, असे त्याच्या वडिलांनी सांगितले आहे.